राक्षस बळाने का मरत नाही? भस्मासुराच्या गोष्टीवरून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ, कारवार या सीमाभागात मी मुलांना गोष्टी सांगते. काही पुराणातल्या, काही आमच्या घरातल्या बायकांकडून ऐकलेल्या. गोष्ट संपली की मुलं प्रश्न विचारतात, आणि मुलांच्या मागे उभे असलेले आईवडील त्याहून जास्त विचारतात. त्यातले बरेच प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: देवांकडे एवढी शस्त्रं असताना राक्षसाला मारायला युक्ती का लागते? त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण मुख्यतः भस्मासुराचं घेतलं आहे. ही गोष्ट आपल्याकडे मराठी घरातही आहे आणि कन्नड घरातही, आणि युक्ती कशी चालते ते तिच्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

राक्षस एवढा बलवान असतो, तर त्याच्याहून बलवान कोणीतरी येऊन त्याला का मारत नाही?

कारण त्याच्याहून बलवान कोणी नाही, हे गोष्टीने सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. मोठे दात, लाल डोळे, विस्कटलेले केस ही झाली राक्षसाची सजावट. देवांची आयुधं आणि राजाची फौज ज्याच्यापुढे फिकी पडते, तो राक्षस. एखाद्या वीराने एका घावात त्याला आडवा केला, तर ऐकणारं पोर लगेच म्हणतं, ‘मग याला एवढे घाबरत कशाला होते?’ आणि त्याचं बरोबर असतं.

वीराला राक्षसाच्या दुप्पट ताकद देऊन बघा. राक्षस मरतो, पण आता त्या वीराला कोण आवरणार, हा प्रश्न उरतो. पुराणातल्या कितीतरी असुरांची सुरुवात अशीच आहे. तप केलं, बळ मिळवलं, आणि त्या बळाला कोणी थोपवू शकेना. सांगणाऱ्याच्या हातात मग एकच वाट राहते. राक्षसाचं बळ आहे तसं ठेवायचं, कणभरही कमी करायचं नाही, फक्त त्याचं तोंड फिरवायचं.

भस्मासुराच्या गोष्टीत हे अक्षरशः घडतं. हात तोच, वर तोच. डोकं तेवढं बदलतं.

भस्मासुराची गोष्ट ग्रंथात कशी आहे? आम्ही ऐकतो तशीच का?

बरीच वेगळी आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात, 88व्या अध्यायात ती येते आणि तिथे असुराचं नाव वृकासुर आहे. ती जरा सावकाश सांगते, कारण युक्तीचे सगळे सांधे तिच्यात उघडे दिसतात.

वृकासुराला वाटेत नारद भेटतात. तो विचारतो, तिन्ही देवांत लवकर प्रसन्न होणारा कोण? नारद शंकराचं नाव सांगतात. थोड्याशा गुणानेही तो खूश होतो आणि थोड्याशा दोषानेही कोपतो, रावणाला आणि बाणासुराला त्यानेच वैभव दिलं, असं ते म्हणतात. वृकासुर केदारक्षेत्री जाऊन बसतो आणि स्वतःच्या अंगाचं मांस कापून अग्नीत टाकू लागतो. शंकर येत नाही. सातव्या दिवशी तो तीर्थात स्नान करतो आणि ओल्या केसांनिशी स्वतःचं डोकं उडवायला कुऱ्हाड उचलतो. तेव्हा शंकर अग्नीतून वर येऊन त्याचे हात धरतो. त्याच्या स्पर्शाने असुराच्या जखमा भरून येतात. शंकर म्हणतो, अरे, मी तर नुसत्या पाण्यानेही संतुष्ट होतो, उगाच शरीराला एवढा त्रास का दिलास? माग काय हवं ते.

असुर मागतो: ज्याच्या डोक्यावर मी हात ठेवीन तो मरावा.

शंकराला हे ऐकून वाईट वाटतं, पण शब्द गेलेला असतो. वर मिळताच असुर तो पहिल्यांदा शंकरावरच वापरून बघायला निघतो. पार्वतीवर त्याची नजर असते. शंकर पळतो. पृथ्वीच्या आणि आकाशाच्या टोकापर्यंत पळतो, असुर मागे. देव बघत राहतात, कारण उपाय कोणाकडेच नसतो. शेवटी विष्णू एका बटूचं रूप घेऊन वाटेत उभा राहतो. कमरेला मेखला, अंगावर मृगाजिन, हातात दंड आणि जपमाळ. असुराला तो वाकून नमस्कार करतो.

त्या बटूने नेमकं काय केलं?

मला ही सगळी गोष्ट याच प्रश्नासाठी सांगावीशी वाटते. बटू एकही शस्त्र काढत नाही, एकदाही अडवत नाही. त्याच्या बोलण्याचा क्रम तेवढा बघा.

पहिल्यांदा तो असुराला थांबवतो. म्हणतो, आपण फार लांबून आलेले दिसता, दमलात, घटकाभर विसावा घ्या, शरीर आहे तर सगळं आहे. धावणारा माणूस विचार करत नाही, त्याला आधी उभं करावं लागतं.

मग तो असुराला बोलतं करतो. ‘आमच्या कानावर घालण्यासारखं असेल तर सांगा काय चाललंय. माणसाची कामं दुसऱ्याच्या मदतीनेच होतात.’ असुर सगळं सांगून टाकतो. आपलं गुपित दुसऱ्यापुढे ठेवलं की त्याच्या मताला किंमत येते, आणि इथे ते मत बटूचं आहे.

तिसऱ्या पायरीला शंका येते. बटू म्हणतो, असं असेल तर त्याच्या बोलण्यावर आमचा विश्वास नाही. दक्षाच्या शापाने तो पिशाचांचा राजा झालाय, पिशाचासारखाच वागतो. आणि लगेच शेवटची पायरी. तुम्हाला तो जगद्गुरू वाटत असेल, त्याचं म्हणणं खरं वाटत असेल, तर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून पडताळून बघा की. खोटं निघालं तर त्या खोटारड्याला ठार करा.

असुर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतो. वीज पडावी तसं त्याचं डोकं फुटतं.

यात एक फार सुंदर गोष्ट आहे. बटू म्हणतो की शंकराचा शब्द खोटा आहे, आणि असुर मरतो तो शंकराचा शब्द खरा आहे म्हणून. वर फोल ठरला असता तर असुर वाचला असता. म्हणजे विष्णूने वर मोडलाच नाही, त्याने तो पूर्ण होऊ दिला.

राख कुठे गेली मग? आणि मोहिनी?

भागवतातल्या या गोष्टीत राखही नाही आणि मोहिनीही नाही. डोकं फुटतं, एवढंच. भस्म, आणि त्यावरून पडलेलं भस्मासुर हे नाव, लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या गोष्टीतून आलंय. आपल्याकडे तीच रुळली आहे. तिच्यात विष्णू मोहिनी होऊन येतो. भस्मासुर तिच्यावर भाळतो, लग्नाचं विचारतो. ती म्हणते, मला नाचाची आवड आहे, जो माझ्यासारखा नाचेल त्याच्याशी लग्न करीन. नाच सुरू होतो. ती हात कमरेवर ठेवते, तो ठेवतो. ती मान वळवते, तो वळवतो. ती गिरकी घेते, तोही घेतो. हळूहळू लय वाढते, आणि एका ठेक्याला मोहिनी हात डोक्यावर नेते.

रंगमंचावर ही गोष्ट बघाल तर एक बारकावा लक्षात येईल. चांगली मोहिनी हात एकदम डोक्यावर नेत नाही. आधी तो हात खांद्याशी येतो, मग कानाशी, मग कपाळाशी, आणि दर वेळी राक्षस बिनधोक तिची नक्कल करतो. प्रेक्षकांना पुढचं माहीत असतं, तरी हात कानाशी आला की समोरची गर्दी गप्प होते. माझ्या मते नाचाची गोष्ट बटूच्या गोष्टीवर इथेच मात करते. बटूची युक्ती कानाने ऐकायची आहे, मोहिनीची डोळ्यांनी बघायची. मंडपात दहा हात लांब बसलेल्या माणसाला शंका दिसत नाही, हात दिसतो.

दोन्ही युक्त्या एकच का?

नाही. बटू असुराच्या शंकेखोर स्वभावाला हात घालतो. जो माणूस वर देणाऱ्यावरच वर आजमावायला निघाला, त्याला ‘तुला फसवलं असेल’ हे पटायला वेळ लागत नाही. मोहिनी त्याच्या हव्यासाला हात घालते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: शेवटची हालचाल राक्षस स्वतः करतो. त्याच्यावर कोणी हात ठेवत नाही, त्याचा हात कोणी धरून फिरवत नाही. गोष्ट सांगताना हे सुटलं तर सगळंच सुटतं.

शंकराने दिलेला वर परत का घेतला नाही?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो, बहुतेक वेळा सात-आठ वर्षांच्या मुलाकडून. उत्तर असं की या गोष्टींच्या जगात दिलेला शब्द देणाऱ्यालाही बांधतो. शंकराला वर परत घेता आला असता तर तो कुणाच्याच कामाचा राहिला नसता. ज्या भक्ताने चांगलं काही मागितलं, त्यालाही मग उद्याची खात्री नसती. शब्द मागे घ्यायचा नाही आणि जगही वाचवायचं, या पेचातून युक्ती जन्माला येते. बळाने हा पेच सुटत नाही. तिथे बळाची कमतरता नव्हतीच.

वरातच पळवाट असते असं म्हणतात. ती कोण ठेवतं?

मागणाराच ठेवतो, नकळत. हिरण्यकशिपूची यादी आठवा. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने नाही. त्याला वाटलं, जोड्या मोजल्या की जग संपलं. मरण आलं ते उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, मांडीवर, नखांनी, आणि अर्ध्या माणसाच्या अर्ध्या सिंहाच्या हातून. नरसिंहाकडे बळ कमी नव्हतं, पण ते बळ नेमकं त्या फटीत आणून उभं करावं लागलं.

ही कल्पना फार जुनी आहे. इंद्राने पाण्याच्या फेसाने नमुची नावाच्या असुराचं डोकं उडवलं, असा उल्लेख ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात आहे. पुढे शतपथ ब्राह्मणात त्यामागची अट सविस्तर येते. दिवसा मारणार नाही, रात्री मारणार नाही, ओल्याने नाही, कोरड्याने नाही, असा शब्द इंद्राने दिलेला होता. फेस धड ओलाही नाही आणि कोरडाही नाही. पहाटेची ती वेळ धड रात्र नाही, धड दिवसही नाही.

भस्मासुराची पळवाट मात्र याहून साधी आणि म्हणून मला जास्त आवडते. ‘ज्याच्या डोक्यावर’ असं म्हणताना त्याने एक डोकं वगळायचं राहून गेलं. जगातल्या सगळ्या डोक्यांचा विचार करताना स्वतःलाही डोकं आहे हे त्याला सुचलं नाही.

म्हणजे राक्षस मूर्ख असतात, असंच ना?

तसं समजून गोष्ट सांगितली तर ती पडते. हिरण्यकशिपूची यादी मूर्खाने केलेली नाही, चांगल्या वकिलालाही ती सहज फोडता येणार नाही. वृकासुर कोणत्या देवाकडे जायचं हे आधी चौकशी करून ठरवतो. राक्षसाकडे अक्कल असते. त्याच्याकडे नसते ती सवय: आपल्यालाही धोका असू शकतो, हे धरून चालायची. दुबळ्या माणसाला ही सवय रोजच्या जगण्यातून लागते. सावकाराच्या ओसरीवर, फौजदारासमोर, तापट नवऱ्यापुढे कसं बोलायचं याचा विचार त्याला सतत करावा लागतो. बलवानाला तशी वेळच येत नाही.

ही आपल्याच देशातली पद्धत आहे का?

नाही, आणि मला ग्रीकांचं उदाहरण मुद्दाम द्यायचं आहे, कारण तिथे बळ का चालत नाही हे गोष्टच स्पष्ट करते. होमरच्या ओडिसीत, नवव्या सर्गात, ओडिसियस आणि त्याचे सोबती एका डोळ्याच्या पॉलिफेमस राक्षसाच्या गुहेत अडकतात. गुहेच्या तोंडाशी तो एवढा मोठा धोंडा लावतो की चार चाकांच्या 22 गाड्यांनाही तो हलणार नाही. रात्री दोन माणसं खाऊन राक्षस झोपतो. ओडिसियस तलवार उपसतो, घाव कुठे घालायचा हेही ठरवतो, आणि थांबतो. याला मारलं तर धोंडा कोण सरकवणार? सगळे आत कुजून मरतील.

म्हणजे राक्षसाला मारण्याएवढं बळ होतं, पण तेच जीवावर बेतलं असतं. राक्षसाची ताकद जिवंत ठेवून ती आपल्या कामाला लावायची होती. म्हणून ते त्याला कडक दारू पाजतात, तापवलेल्या जैतुनाच्या ओंडक्याने डोळा फोडतात, आणि सकाळी तो आपल्या मेंढरांसाठी धोंडा सरकवतो तेव्हा मेंढ्यांच्या पोटाला लटकून बाहेर पडतात. ओडिसियसने आधीच आपलं नाव ‘कोणी नाही’ असं सांगितलेलं असतं, त्यामुळे राक्षस ‘कोणी नाही मला मारतोय’ म्हणून ओरडतो आणि शेजारचे राक्षस परत जातात.

तोपर्यंत सहा माणसं गेलेली असतात. आणि सुटल्यावर ओडिसियस बोटीतून ओरडून आपलं खरं नाव सांगतो, त्यावरून समुद्रदेवाचा राग ओढवून घेतो. युक्ती केलेल्या माणसाला ती केल्याची बढाई मारायची हौस आवरली नाही. भस्मासुराच्या गोष्टीतला विष्णू असं काही करत नाही. तो शंकराला भेटतो आणि म्हणतो, हा आपल्याच पापाने मेला.

आजीच्या गोष्टींतले राक्षस याच प्रकारचे का?

आत्मा तोच, बाज वेगळा. ‘राक्षसाचा जीव पोपटात’ ही गोष्ट घ्या. सात समुद्रांपलीकडे झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. राक्षसाच्या अंगावर कितीही वार करा, काही होत नाही, कारण जीव तिथे नाहीच. त्याने पळवून आणलेली राजकन्या त्याच्या पायाला तेल चोळताना लाडीगोडीने विचारते, ‘तुम्ही गेलात तर माझं कसं होणार?’ आणि तो सांगून टाकतो. या जातीच्या गोष्टी रशियापासून आपल्यापर्यंत सापडतात. जगभरच्या लोककथांची जी वर्गवारी अभ्यासक वापरतात, तिच्यात त्यांना 302 क्रमांक आहे.

आणि म्हातारीचा भोपळा. वाघ खायला आला तर म्हातारी काय करते? पळत नाही, झगडत नाही. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.’ वाघाच्या भुकेलाच ती आपल्या बाजूने उभं करते. परत येताना ती भोपळ्यात बसलेली असते.

1950च्या दशकात ए. के. रामानुजन बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. बेळगाव परिसरातून त्यांनी कन्नड लोककथा गोळा केल्या. त्यांनी एक फरक दाखवून दिला. स्वयंपाकघरात बायका मुलांना भरवताना सांगतात त्या गोष्टींत माणसांना सहसा नावं नसतात, एक राजा, एक म्हातारी, एक सून. चौकात किंवा देवळात सांगितल्या जाणाऱ्या कथांत मात्र नावं, कुळं, गावं सगळं येतं. मला यात युक्तीचंही एक कारण दिसतं. पराक्रमाला नाव लागतं, पोवाडा नावाचाच असतो. म्हातारीचं नाव सांगितलं नाही तर ऐकणारी कुठलीही म्हातारी तिच्या जागी बसू शकते. वाघाशी कुस्ती खेळणं तिला कधीच जमणार नव्हतं. तूपरोटीचं बोलणं जमलं असतं.

पण बळाने मारलेले राक्षसही आहेत की! बकासुर?

आहेत, आणि ते लपवू नये. एकचक्रा नगरीत बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस असा रोजचा रतीब होता. भीम गाडा घेऊन जातो आणि राक्षसासमोर बसून स्वतःच भात खाऊ लागतो. बकासुर मागून पाठीत गुद्दे घालतो, भीम खातच राहतो. जेवण आटोपल्यावर त्याला गुडघ्याखाली दाबून मोडतो. इथे युक्ती जवळजवळ नाहीच. बकासुराला कुठला वर नाही, अट नाही. तो फक्त मोठा आणि भुकेला आहे, आणि भीम त्याच्याहून मोठा आणि त्याच्याहून भुकेला. गोष्टीची गंमत त्या भुकेच्या झुंजीत आहे.

आपल्या भागातलं उदाहरण म्हणजे खंडोबा. बेळगाव जिल्ह्यातल्या मंगसुळीला जाणाऱ्यांना मणी आणि मल्ल या दोन दैत्यांची गोष्ट सांगायला नको. तिथे घोडा आहे, खड्ग आहे, लढाई आहे. कुळस्वामीची गोष्ट अशीच असणार. आपलं रक्षण करणारा देव कुणाहून कमी बळाचा आहे, हे भक्ताला चालणार नाही. माझा ठोकताळा असा की गोष्ट देवाच्या बाजूने उभं राहून सांगितली जाते तेव्हा खड्ग चालतं, आणि राक्षसाच्या तावडीत सापडलेल्याच्या बाजूने सांगितली जाते तेव्हा डोकं. हा नियम सगळीकडे लागू पडतो असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळ ठिकाणी पडतो.

कोल्हापूरच्या त्र्यंबोलीची गोष्ट यात कुठे बसते?

निपाणी-चिकोडीकडून नवरात्रात कोल्हापूरला जाणारी मंडळी हा प्रश्न विचारतात. कोल्हासुराला महालक्ष्मीने युद्धात मारलं, तो बळाचा भाग. त्याचा मुलगा कामाक्ष मात्र एक योगदंड मिळवतो आणि त्याच्या जोरावर देवांची शेळ्यामेंढरं करून टाकतो. त्याच्याशी लढायला जाणारा प्रत्येकजण मेंढरू होणार. म्हणून त्र्यंबोली देवी रूप पालटून जाते, युक्तीने दंड काढून घेते, आणि मग त्याचा वध होतो. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी तिच्या टेकडीवर जाते आणि तिथे कोहळा फोडतात. एकाच घराण्यातला बाप बळाने मरतो आणि मुलगा युक्तीने, कारण मुलाच्या हातात अशी वस्तू आहे जिच्यापुढे बळ चालत नाही.

ही फसवणूक नाही का? मुलांना आपण खोटं बोलायला शिकवतोय का?

पालकांचा हा प्रश्न मला योग्य वाटतो आणि तो टाळू नये. पुराणांनीही तो टाळलेला नाही. नमुचीशी इंद्राचं सख्य होतं, शब्द दिलेला होता. शब्दाची अक्षरं पाळून त्याने त्याला मारलं. महाभारताच्या शल्यपर्वात पुढचा भाग येतो. तुटलेलं डोकं ‘मित्राचा घात करणाऱ्या पाप्या’ म्हणत इंद्राच्या मागे लागतं. शेवटी ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून त्याला तीर्थात स्नान करून पाप धुवावं लागतं. म्हणजे युक्ती आणि विश्वासघात यांत फरक आहे हे सांगणाऱ्यांना ठाऊक होतं.

मी मुलांना तो फरक असा सांगते. भस्मासुर कुणाच्यातरी मागे मारायला धावत होता, तेव्हा युक्ती झाली. नमुची विश्वासाने जवळ आला होता. मुलांना हे कळतं. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘मग बटूने शंकराबद्दल वाईट बोलला ते?’ मी म्हटलं, शंकराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अजून चार शब्द जास्त बोल, पण त्याला थांबव.

घरी ही गोष्ट सांगताना काय चुकतं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर घाईत सांगणं. ‘त्याला असा वर मिळाला की तो कुणालाही जाळू शकेल’ असं सांगितलं की गोष्ट तिथेच गेली. वराचे शब्द नेमके यायला हवेत: ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन. ते दोनदा सांगा, हात वर करून दाखवा. शेवटी मूल स्वतःच ओरडलं पाहिजे, ‘अरे, त्याचा हात त्याच्याच डोक्यावर जाणार!’ तुमच्याआधी ते त्याला सुचलं तर गोष्ट नीट सांगितली गेली.

दुसरी चूक म्हणजे ‘मोहिनीने जादू केली’ असं म्हणणं. जादू होती तर पहिल्याच क्षणी का नाही केली, हा प्रश्न मूल विचारणारच, आणि त्याला उत्तर नाही. शेवटी उपयोगी पडणारी प्रत्येक गोष्ट आधी ऐकणाऱ्याच्या समोर येऊन गेलेली असावी. ओडिसियसची दारू, राक्षसाचा पोपट, भस्मासुराचा हात, सगळं आधीपासून तिथे असतं.

याणाला भस्मासुर जळाला असं म्हणतात, ते खरं का?

स्थानिक समजूत तशी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, कुमठा तालुक्यात, सिरसीच्या बाजूच्या जंगलात याणा आहे. तिथे दोन प्रचंड काळे सुळके उभे आहेत. मोठा भैरवेश्वर शिखर, सुमारे 120 मीटर, आणि धाकटा मोहिनी शिखर, सुमारे 90 मीटर. भोवतालची काळी भुसभुशीत माती म्हणजे भस्मासुराची राख, असं तिथे सांगतात. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ते चुनखडीचे खडक आहेत, पाण्यापावसाने झिजून टोकदार झालेले. मोठ्या सुळक्याच्या पोटात गुहा आहे आणि तिथल्या शिवलिंगावर वरून पाणी ठिबकतं. महाशिवरात्रीला यात्रा भरते.

मुलांना नेणार असाल तर गोष्ट आधी सांगून न्या. दोन सुळक्यांपैकी राक्षसाच्या नावाचा एकही नाही, एक शंकराचा आणि एक मोहिनीचा, हे त्यांना आपोआप दिसतं आणि त्यावरून बरंच बोलणं होतं. कुमठा-होन्नावरच्या बाजूला यक्षगानाचे खेळ होतात, त्यांत भस्मासुर-मोहिनीचा प्रसंग लोकप्रिय आहे. कन्नड येत नसलं तरी बसा. त्या नाचाला भाषेची अडचण येत नाही.